साप्ताहिक इंजेक्शनानंतरची मळमळ, अडलेलं पोट आणि पित्ताशयातले खडे

प्रश्न: वय ४६, मधुमेह सहा वर्षांपासून. मौंजारो चालू करून अकरा आठवडे झाले. पहिले चार आठवडे २.५, मग चार आठवडे ५, आता तीन आठवडे ७.५. वजन ९२ वरून ८५ वर आलं, त्यातले चार किलो या शेवटच्या तीन आठवड्यांत गेले. पण डोस वाढल्यापासून दिवसभर मळमळतं आणि चार-चार दिवस पोट साफ होत नाही. मेडिकलमधून उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन आणली, ती रोज दोनदा घेते. बाकी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि लोहाची गोळी चालू आहे. वहिनी म्हणतात या इंजेक्शनाने पित्ताशयात खडे होतात. इंजेक्शन बंद करू का?

उत्तर:

ताई, बंद करायची वेळ बहुधा आलेली नाही. पण पुढच्या आठवड्यात १० मिलिग्रॅमवर जायचं ठरलं असेल तर ते थांबवा, आणि पुढचं इंजेक्शन ७.५ ऐवजी पुन्हा ५ चं घ्यावं का, हे टोचण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे तुम्ही आला असतात तर मी ५ वरच नेलं असतं. त्याहून आधी मी तुमचं पोट साफ केलं असतं, कारण तुमची निम्मी मळमळ तिथून येते आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

मळमळ, बद्धकोष्ठ आणि खडे हे तीन वेगळे त्रास वाटतात. मुळात ही एकाच संथपणाची तीन रूपं आहेत. तुमच्या मौंजारोतलं टिर्झेपाटाइड असो, त्याच्याच जातीचं सेमाग्लुटाइड असो, ही औषधं आतड्यातल्या नैसर्गिक संप्रेरकाची नक्कल करतात. जेवणानंतर ते संप्रेरक मेंदूला ‘पुरे’ असं सांगतं आणि जठराला ‘सावकाश’ असं सांगतं. औषधाच्या रूपात ते आठवडाभर रक्तात राहतं, त्यामुळे हा ‘सावकाश’चा हुकूम सात दिवस चालूच असतो. जठर उशिरा रिकामं होतं, आतडी मंदावतात आणि पित्ताशयाचं आकुंचनही कमी होतं. साखर आणि भूक आटोक्यात येण्यामागे हीच यंत्रणा काम करते. म्हणून त्रास पूर्ण नाहीसा करण्यापेक्षा तो सोसण्याइतका कसा राहील, हे बघायचं असतं.

आधी मळमळीबद्दल. तिला एक चाल असते आणि ती ओळखता आली पाहिजे. इंजेक्शन टोचल्यावर रक्तातली पातळी साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसात सर्वांत वर जाते, त्यामुळे मळमळ त्या दिवसांत जास्त असते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उतरते. नवा डोस चढवला की पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात, मग शरीर सरावतं. टिर्झेपाटाइडचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायला पाच दिवस लागतात, सेमाग्लुटाइडचं निम्मं व्हायला सात. म्हणजे प्रत्येक नवं इंजेक्शन आधीच्याच्या उरलेल्या भागावर पडतं, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत पातळी चढतच राहते. आता तुमचा हिशेब बघा. तुम्ही ७.५ वर तीन आठवडे आहात, म्हणजे त्या डोसचा पूर्ण जोर अजून यायचाच आहे. तरीही दिवसभर मळमळतं, म्हणून मी मागे जायला सांगते आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. डोसच्या पायऱ्या दर चार आठवड्यांनी चढायच्याच असतात, असं लोकांना वाटतं. कंपनीच्या कागदावर ‘किमान चार आठवडे’ असं आहे, आणि त्यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. एका पायरीवर आठ आठवडे थांबलं, बारा थांबलं, तरी काही बिघडत नाही. ५ वर साखर नीट राहत असेल आणि आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल, तर १० ची गरजच काय? माझ्याकडे ५ वरच वर्षभर छान चाललेले रुग्ण आहेत. डोस मात्र पेन अर्धवट दाबून किंवा अंदाजाने सिरिंजमध्ये भरून स्वतः कमी करू नका. खालच्या मात्रेचं पेन किंवा कुपी लिहून घ्या.

खाण्यात सगळ्यात उपयोगी बदल कोणता, असं विचारलंत तर मी ताटाऐवजी खोलगट छोट्या थाळीत जेवायला सांगेन. या औषधावर पोट भरल्याची जाणीव लवकर येते आणि आली की एकदम येते. शेवटची अर्धी भाकरी ‘टाकायची कशाला’ म्हणून खाल्ली जाते, आणि पुढचे चार तास ती छातीशी बसते. म्हणून एक वाटी भाजी, अर्धी वाटी डाळ, एक छोटी भाकरी, एवढंच वाढून घ्या. वीस मिनिटं लावून खा आणि पहिली ढेकर किंवा पहिला जडपणा आला की थांबा. दिवसातून असं चार वेळा चालेल. जेवताना तांब्याभर पाणी पिऊ नका, पाणी दोन जेवणांच्या मध्ये प्या. रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यांत दोन-अडीच तास ठेवा. तळलेलं, तर्रीची मिसळ, मटणाचा चरबीचा रस्सा हे टोचल्यानंतरचे तीन दिवस तरी नको, कारण स्निग्ध पदार्थ जठरातून तसेही सावकाश उतरतात. आणि सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा हा आपल्याकडचा ठरलेला घोळ आहे. आधी दोन घास काही खा, मग चहा घ्या.

गोळ्यांचंही बघू. मेटफॉर्मिननेसुद्धा मळमळते, म्हणून ती जेवणानंतरच घ्या आणि साधी असेल तर सावकाश विरघळणारी मिळेल का ते विचारा. ग्लिमेपिराइडची मला जास्त काळजी आहे. ती गोळी तुम्ही किती खाल्लंत हे बघत नाही, साखर खाली आणतच राहते. तुमचं जेवण निम्म्यावर आलंय, वजन सात किलो कमी झालंय आणि गोळी तीच आहे. कधी मळमळीबरोबर घाम, थरथर किंवा भुकेने कासावीस होणं आलं, तर ती मळमळ इंजेक्शनाची नसून साखर उतरल्याची असू शकते. लगेच ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ग्लिमेपिराइड कमी करायचं विचारा. या इंजेक्शनांबरोबर ही गोळी बहुतेकांची कमी करावी लागते, काहींची बंदच होते.

उलट्या लागल्या आणि घोटभर पाणीही टिकेना, तर घरी दिवस काढू नका. शरीरातलं पाणी आटलं की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि अशा वेळी मेटफॉर्मिन, ‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या साखरेच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या थांबवायच्या हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. उलट्या चालू असताना ते विचारायचं भान राहत नाही.

आता पोटाकडे येते. तुम्ही मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन रोज दोनदा घेता. ती चांगली गोळी आहे, पण तिचा स्वतःचा ठळक दुष्परिणाम बद्धकोष्ठ हाच आहे. आतडी आधीच मंद, त्यात ही गोळी, त्यात लोहाची गोळी. चार दिवस मळ साठला की वरचं अन्न पुढे सरकायला जागा राहत नाही, मग जेवणावरची वासना जाते, मळमळ वाढते, आणि माणूस आणखी एक ऑन्डान्सेट्रॉन घेतो. हे चक्र मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. ते गोळीने तुटत नाही, पोट साफ झाल्यावर तुटतं. ऑन्डान्सेट्रॉन अगदीच उलटीची वेळ आली तरच घ्या, तेही टोचल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. लोहाची गोळी आठ-दहा दिवस थांबवता येईल का, किंवा एक दिवसाआड घेता येईल का, ते विचारा.

बद्धकोष्ठ किती जणांना होतं? सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमची वजनासाठीची मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मळमळ सुमारे ४४ टक्क्यांना आणि बद्धकोष्ठ सुमारे २३ टक्क्यांना झालं. नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांत हेच आकडे १७ आणि ९ च्या आसपास होते. फरक असा की मळमळ बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र जास्त काळ रेंगाळतं. त्यामुळे त्याची सोय पहिल्या इंजेक्शनापासूनच करावी लागते.

पहिली सोय पाण्याची. या औषधांवर भुकेबरोबर तहानही मरते, आणि अन्नातून जाणारं पाणीही घटतं. तहानेवर विसंबू नका. एक लिटरची बाटली भरून ठेवा आणि दिवसातून दोनदा संपवा, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहतो. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असून पाण्यावर बंधन असेल तर हे लागू नाही.) त्यात दोन वाट्या पातळ ताक आणि बिनसाखरेचं कोकम सरबत धरा.

दुसरी गोष्ट इसबगोलची. सगळे आपणहून तेच सुरू करतात आणि मग माझ्याकडे येतात, पोट नगाऱ्यासारखं घेऊन. इसबगोल हा कोंडा आहे, तो पाणी धरून फुगतो. पाणी पुरेसं पिणाऱ्याला तो उत्तम चालतो, पण चार दिवस अडलेल्या आणि कमी पिणाऱ्या माणसाच्या संथ आतड्यात तो घट्ट गोळा होऊन बसतो. म्हणून आधी साठलेलं मोकळं करायचं, इसबगोल नंतर. मोकळं करायला माझी पहिली पसंती पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या पुडीला. मेडिकलमध्ये ‘पेग पावडर’ म्हटलं की कळतं. साधारण १७ ग्रॅम पावडर ग्लासभर पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा. ती आतड्यात पाणी धरून मळ मऊ करते, मुरडा येत नाही, पण असर दिसायला एक ते तीन दिवस लागतात. एका रात्रीत काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका. तिसऱ्या दिवशीही काहीच नसेल तर रात्री झोपताना बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची, सकाळी पोट होतं. लॅक्टुलोजचं सिरपही चालतं, पण त्याने वायू धरतो आणि मळमळ असलेल्याला तो नकोसा होतो. घरच्या चूर्णांत बहुधा सोनामुखी असते, ती आतड्याला ढकलते. अधूनमधून एखाद्या रात्री हरकत नाही, रोजची सवय नको. एकदा पोट सुरळीत झालं की मग इसबगोलचा एक चमचा पूर्ण ग्लास पाण्याबरोबर सुरू करा, सोबत पपई, भिजवलेलं अंजीर, पालेभाजी असू द्या.

पोट फुगून टणक झालं, वायूही सरत नाही आणि उलट्या होताहेत, असं असेल तर कोणतंही जुलाबाचं औषध घेऊ नका. ती आतडं अडल्याची खूण असू शकते. तडक दवाखान्यात जा.

आता वहिनींच्या मुद्द्याकडे. त्या म्हणतात ते निराधार नाही. २०२२ मध्ये ७६ चाचण्यांमधल्या एक लाखाहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. या गटातल्या औषधांवर पित्ताशयाचे आणि पित्तनलिकेचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त आढळले. ऐकायला हा आकडा भीतिदायक आहे. माणसांच्या मोजणीत तो असा उतरतो, की दहा हजार लोकांनी वर्षभर औषध घेतलं तर जास्तीचे सुमारे २७ जण. मात्र हा धोका सगळ्यांत सारखा विभागलेला नाही. मधुमेहासाठी घेणाऱ्यांपेक्षा वजनासाठी घेणाऱ्यांत, मोठ्या डोसवर आणि जास्त काळ घेणाऱ्यांत तो अधिक दिसला.

खडे होतात कसे, हे समजून घेतलं की काय करायचं ते आपोआप कळतं. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीत साठलेलं कोलेस्टेरॉल यकृत पित्तात सोडतं, पित्त दाट होतं. हे दाट पित्त पित्ताशय जेवणानंतर पिळून बाहेर टाकतं. पण पिळायची आज्ञा त्याला जेवणातल्या स्निग्धतेमुळे मिळते. माणूस जेवतच नसेल, जेवला तर बिनतेलाचं उकडलेलं जेवत असेल, आणि वर औषधाने पित्ताशय मंदावलेलं असेल, तर दाट पित्त तिथेच पडून राहतं. आधी गाळ धरतो, मग खडा. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरू लागलं की हा धोका ठळक वाढतो, हे या इंजेक्शनांच्या कितीतरी आधीपासून, वजनाच्या शस्त्रक्रियांच्या अनुभवातून माहीत आहे.

मागच्या वर्षीची एक रुग्ण सांगते. ५२ वर्षांच्या शिक्षिका, दोन बाळंतपणं, आईचं पित्ताशय काढलेलं. वजन ९४. पहिल्या आठ आठवड्यांत चार किलो उतरलं, अगदी हवं तसं. नंतर गावाकडे गेल्या, तिथून फोनवर विचारून डोस चढवत राहिल्या, आणि पुढच्या सहा आठवड्यांत दहा किलो गेलं. घरात सगळे खूश होते. मी त्या सहा आठवड्यांचं खाणं विचारलं तेव्हा कळलं ते असं: सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन वाजता उकडलेली भाजी आणि अर्धी भाकरी, रात्री काही नाही. सोमवार आणि शनिवार उपास, आणि भूकच नसल्याने उपासाचं फराळही नाही. दुपारी दोन ते दुसऱ्या दुपारपर्यंत पित्ताशयाला काही कामच नव्हतं.

मग एका लग्नात त्या थोडं मनापासून जेवल्या. रात्री अकराच्या सुमारास वरच्या पोटात, मध्यभागी आणि उजव्या बरगडीखाली, दुखू लागलं. पंधरा-वीस मिनिटांत वाढत गेलं आणि मग तीन तास एकसारखं राहिलं, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत. त्यांनी आणि घरच्यांनीही ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा घेतला, पॅन्टोप्राझोल घेतली. पहाटे आपोआप थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे आल्या.

आपल्या भाषेतल्या या शब्दाने मला आजवर फार त्रास दिला आहे. मराठी माणूस आम्लाच्या जळजळीलाही पित्त म्हणतो, अंगावर उठणाऱ्या गांध्यांनाही पित्त म्हणतो, आणि डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. त्यामुळे पित्ताशयाचं खरं दुखणं येतं तेव्हा तेही त्याच नावाखाली खपून जातं. फरक दुखण्याच्या तऱ्हेवरून ओळखायचा. जळजळ छातीत वर चढते, आंबट पाणी येतं आणि आम्लाच्या औषधाने अर्ध्या तासात उतार पडतो. वायूचं दुखणं येतं-जातं, जागा बदलतं, वायू सरला की हलकं होतं. पित्ताशयाची कळ चढते आणि एका जागी घट्ट बसते, अर्धा तास ते काही तास. ढेकर, शौच, कुशी बदलणं, अँटासिड, कशानेच ती हलत नाही. बहुधा जेवणानंतर, आणि पुष्कळदा रात्री.

बाईंचा मी आधी ईसीजी काढला. पन्नाशीच्या मधुमेही माणसाचं वरच्या पोटातलं दुखणं हृदयाचंही असू शकतं, आणि ते चुकवून चालत नाही. तो ठीक होता. सोनोग्राफीत तीन खडे दिसले, सर्वांत मोठा सहा मिलिमीटर, पित्ताशयाची भिंत जाड नव्हती, मुख्य नलिका फुगलेली नव्हती. यकृताच्या तपासण्या आणि लायपेज नॉर्मल. म्हणजे नलिका अडलेली नाही आणि स्वादुपिंडाला सूज नाही. इंजेक्शन थांबवलं आणि सर्जनकडे पाठवलं. खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, तर ते सहसा तसेच ठेवतात. एकदा कळा सुरू झाल्या की त्या परत येतात, म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते स्पष्ट सांगितलं, कारण या औषधांवर उपाशी माणसाच्या जठरातही अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जायचा धोका असतो. हे तुम्हीही लक्षात ठेवा, दुर्बिणीने पोट तपासायचं असलं तरी. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी इंजेक्शन पुन्हा २.५ पासून सुरू केलं. आता त्या ५ वर आहेत आणि सहा महिन्यांत पाच किलो उतरलंय.

त्यांच्या बाबतीत मला आजही खटकतं ते इतकंच, की मी पहिल्या दिवशी आईच्या पित्ताशयाबद्दल ऐकलं होतं आणि वजनाच्या वेगाची मर्यादा त्यांना आकड्यात सांगितली नव्हती. आता प्रत्येकाला सांगते: आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी वजन करा आणि लिहा. सलग दोन आठवडे दीड किलोच्या वर गेलं तर मला फोन करा, आनंदाची बातमी म्हणून नाही, डोस कमी करायला. तुमचे तीन आठवड्यांत चार किलो, म्हणजे आठवड्याला सव्वा किलोच्या वर. अजून रेषेच्या आत आहात, पण काठावर.

आणि उकडलेलंच खाऊ नका. हे ऐकून तुम्हाला गोंधळल्यासारखं होईल, कारण वर मी तळलेलं टाळायला सांगितलं. एका वेळी खूप तेल गेलं तर मळमळतं, अजिबात तेल नसेल तर पित्ताशय झोपतं. म्हणून दिवसातल्या दोन जेवणांत तरी दोन-दोन छोटे चमचे तेल किंवा तूप असू द्या, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. भाजीच्या फोडणीत एक, भाकरीवर एक. पित्ताशय पिळून निघायला एवढं पुरतं आणि बहुतेकांना एवढ्याने मळमळत नाही. रात्रीचं जेवण सोडू नका, भूक नसली तरी एक मुगाचं धिरडं किंवा अंडं आणि वाटीभर ताक घ्या. कडक उपास या औषधावर असताना नकोत. श्रद्धेचा प्रश्न असेल तर दाण्याची आमटी आणि वरईचा भात थोडा थोडा, दोन-तीनदा घेऊन उपास करा.

अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची गोळी बरेच जण विचारतात. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने वजन उतरतं त्या काळात, दिवसाला ५००-६०० मिलिग्रॅमने नवे खडे कमी होतात, हे सिद्ध आहे. या इंजेक्शनांवर प्रत्येकाला ती द्यायची पद्धत नाही. घरात खड्यांचा इतिहास आहे आणि वजन वेगाने उतरतंय अशा रुग्णाला मी काही महिने देते. झालेले मोठे किंवा चुन्याचे खडे तिने विरघळत नाहीत. पानफुटीच्या रसाने तर नाहीच. लोक तो मूतखड्यासाठी घेतात, आणि मूतखडा नि पित्ताशयातला खडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन ‘खडे पडले’ म्हणून दाखवतात ते हिरवे गोळे बहुधा त्या तेलाचेच साबणासारखे झालेले गोळे असतात.

लगेच रुग्णालयात जायची चिन्हं अशी. कळ पाच-सहा तासांत थांबत नाही. थंडी वाजून ताप येतो. डोळे पिवळे होतात, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरी होते. किंवा वरच्या पोटातलं दुखणं सरळ पाठीत आरपार गेल्यासारखं वाटतं आणि उलट्या थांबत नाहीत. हे शेवटचं स्वादुपिंडाच्या सुजेचं असू शकतं, आणि ती निघाली तर हे औषध पुन्हा घ्यायचं नसतं. आणखी एक बारीक खूण आहे जी सहज सुटते: डोस महिनोन्‌महिने तोच आहे, मळमळ कधीच थांबली होती, आणि ती आता नव्याने आली. ही इंजेक्शनाची चाल नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी करून घ्या, दुखत नसलं तरी.

तुमचं म्हणाल, तर या आठवड्यात एवढं करा. ऑन्डान्सेट्रॉन बाजूला ठेवा, आज रात्रीपासून पेग पावडर आणि दोन बाटल्या पाणी. रोज सकाळी उपाशी आणि दुपारी जेवणाआधी साखर बघून लिहा, ते आकडे दाखवून ग्लिमेपिराइडचं आणि पुढच्या डोसचं विचारा. पोट दोन-तीन दिवस नीट झाल्यावरही मळमळ किती उरते ते बघा, म्हणजे त्यातली इंजेक्शनाची किती होती ते कळेल. घरात कुणाला खडे झाले असतील, किंवा वर सांगितल्यासारखी कळ एकदाही आली असेल, तर सोनोग्राफी आत्ताच करा. आदल्या रात्री आठला हलकं जेवून सकाळी उपाशी जा, म्हणजे पित्ताशय भरलेलं असतं आणि खडे नीट दिसतात. त्या सकाळी तपासणी होईपर्यंत ग्लिमेपिराइड घेऊ नका, आणि पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा.